ट्रायग्लिसराइड निम्म्यावर, एलडीएल दुपटीवर: किटो आहारात रक्ताचा रिपोर्ट असा का येतो?

राजारामपुरीतल्या माझ्या आहार सल्ला केंद्रात गेल्या दोन वर्षांत एक ठरावीक रिपोर्ट पुन्हा पुन्हा टेबलावर येतो. माणूस बहुतेक वेळा सडपातळ असतो, पळणारा किंवा रोज तालमीत जाणारा. भात, भाकरी, साखर बंद करून चार-पाच महिने झालेले असतात. ट्रायग्लिसराइड सुरेख उतरलेलं असतं, चांगलं म्हणतात ते एचडीएल वाढलेलं असतं आणि एलडीएलच्या आकड्यापुढे लॅबने ठळक अक्षरात खूण केलेली असते.

असेच एक गृहस्थ, वय 41, शाळेत शिक्षक. रंकाळ्याभोवती आठवड्यातून चार दिवस पळतात. उंची 172 सेंटिमीटर आणि वजन 66 किलो, म्हणजे मुळात वजन कमी करायची गरजच नव्हती. मित्राचं बघून त्यांनी किटो, म्हणजे भात-भाकरी-साखर जवळपास बंद आणि चरबी भरपूर असा आहार, सुरू केला. पाच महिन्यांनी रिपोर्ट पुढे सरकवत म्हणाले, "मॅडम, ट्रायग्लिसराइड बघा की, 118 चं 58 झालंय. मग हे एलडीएल 258 कशापायी? लॅबचं काय चुकलंय का?"

त्यांचे दोन्ही रिपोर्ट आधी शेजारी ठेवू. किटोच्या आधी एकूण कोलेस्टेरॉल 182, एचडीएल 44, ट्रायग्लिसराइड 118, एलडीएल 114. पाच महिन्यांनी एकूण 354, एचडीएल 84, ट्रायग्लिसराइड 58, एलडीएल 258. एकाच नळीतल्या रक्तात एक आकडा निम्म्यावर येतो आणि दुसरा दुपटीच्या पुढे जातो. हे कसं होतं, ते कळलं की पुढे काय तपासायचं हेही आपोआप कळतं.

ट्रॉली आणि ऊस

चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ती सुटी फिरू शकत नाही. यकृत तिला प्रथिनाच्या आवरणात बांधून बारीक कणांच्या रूपात रक्तात सोडतं. हंगामातला आपला रस्ता डोळ्यांसमोर आणा. शेतातून उसाने लादलेली ट्रॉली निघते, कारखान्यात माल उतरतो आणि रिकामी ट्रॉली परत येते.

यकृत म्हणजे शेत. तिथून निघालेला लादलेला कण म्हणजे व्हीएलडीएल आणि त्याच्यावरचा ऊस म्हणजे ट्रायग्लिसराइड, जे शरीर इंधन म्हणून वापरतं. स्नायू आणि चरबीच्या पेशी हे कारखाने, तिथे माल उतरतो. उतरवून झाल्यावर रस्त्यावर जी ट्रॉली उरते ती एलडीएल. तिच्या सांगाड्याचं लोखंड म्हणजे कोलेस्टेरॉल. प्रत्येक ट्रॉलीला एकच नंबरप्लेट असते आणि ती शेवटपर्यंत तिच्यावर राहते. या नंबरप्लेटला अपोबी म्हणतात.

रिकाम्या ट्रॉल्या परत आत घ्यायला शेताला फाटकं असतात. यकृताच्या पेशींवरची ही फाटकं म्हणजे एलडीएल रिसेप्टर. फाटकं भरपूर आणि उघडी असतील तर रस्ता मोकळा राहतो. ती कमी झाली की ट्रॉल्या रस्त्यावरच फिरत राहतात.

लॅबचं ट्रायग्लिसराइड सांगतं की त्या घडीला रस्त्यावर किती ऊस आहे. एलडीएल सांगतं की ट्रॉल्यांचं लोखंड किती आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे रस्त्यावर ऊस कमी आणि ट्रॉल्या जास्त असं होऊ शकतं. हंगामात संध्याकाळी रिकाम्या गाड्यांची रांग आपण बघतोच.

किटोत नेमकं काय बदलतं?

कर्ब म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थांतून मिळणारं इंधन. किटोत ते दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅमवर आणतात. आपल्या नेहमीच्या जेवणात ते 250 ग्रॅमच्या पुढे सहज जातं.

ट्रायग्लिसराइड का उतरतं, हे सोपं आहे. जास्तीच्या कर्बांपासून यकृत स्वतः चरबी बनवतं, ते काम जवळपास थांबतं. शिवाय रक्तात आलेली चरबी स्नायू भराभर उचलतात, कारण आता तेच त्यांचं मुख्य इंधन असतं. ऊस रस्त्यावर रेंगाळत नाही.

एलडीएल वाढण्यामागे एकाहून जास्त कारणं आहेत. पहिलं संतृप्त चरबीचं, म्हणजे लोणी, तूप, खोबरं, मटणाची चरबी, साय. ही चरबी वाढली की यकृतावरची फाटकं कमी होतात. हे अनेक दशकांच्या प्रयोगांतून पक्कं झालेलं आहे. दुसरं, इन्सुलिन ती फाटकं वाढवायला मदत करतं आणि कर्ब फार कमी झाले की इन्सुलिनही खाली येतं. या दोन कारणांनी एलडीएल का वाढतं ते कळतं, पण 114 वरून एकदम 258 का झालं, हे काही पुरतं उलगडत नाही.

तिसरं कारण अजून गृहीतकाच्या पातळीवर आहे, पण मला ते पटण्याजोगं वाटतं. सडपातळ, व्यायाम करणाऱ्या माणसाच्या यकृतातला साखरेचा साठा किटोत लवकर रिता होतो. मग शरीर चरबीच्या पेशींतून इंधन सोडतं, यकृत त्यातलं बरंचसं पुन्हा ट्रॉल्यांत भरून पाठवतं आणि भुकेले स्नायू ते लगेच उतरवून घेतात. फेऱ्या वाढतात, माल झटपट उतरतो, रिकाम्या ट्रॉल्यांचा ढीग पडतो. उतरवताना ट्रॉलीच्या आवरणाचा काही भाग एचडीएलकडे जातो, म्हणून तेही वाढतं. तिन्ही आकडे एकाच वेळी असे का हलतात, ते यातून कळतं.

अशा लोकांसाठी संशोधकांनी एक ओळखखूणही ठरवली आहे: एलडीएल 200 किंवा जास्त, एचडीएल 80 किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड 70 किंवा कमी. आमचे शिक्षक तिन्हींत बसतात.

आणि हे सगळ्यांना होत नाही. 2024 मध्ये 41 चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय ज्यांचा 25 च्या खाली होता, त्यांचं एलडीएल कमी कर्बांच्या आहारावर सरासरी 41 ने वाढलं. 25 ते 35 मध्ये सरासरी फारसा फरक पडला नाही आणि 35 च्या वर ते थोडं उतरलंच. म्हणून लठ्ठ मित्राचा छान रिपोर्ट बघून बारीक माणसाने निर्धास्त होण्यात अर्थ नाही. शिक्षकांच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

लॅबचं चुकलं असेल का?

हा प्रश्न रास्त आहे, कारण बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. शिक्षकांच्या रिपोर्टमध्ये 354 वजा 84 म्हणजे 270, त्यातून 58 चा पाचवा भाग, सुमारे 12 वजा. उरले 258.

ट्रायग्लिसराइड फार कमी असेल तर हा पाचवा भाग थोडा कमी पडतो आणि एलडीएल खऱ्यापेक्षा किंचित जास्त दिसतं. पण ही चूक पाच-सहा अंकांची. 258 चे फार तर 252 होतील. मनाच्या समाधानासाठी या सूत्राचा आधार घेऊ नका.

या गोंधळातून सुटायचा फुकटचा उपाय रिपोर्टमध्येच असतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. याला नॉन-एचडीएल म्हणतात. त्यात रस्त्यावरच्या सगळ्या ट्रॉल्यांचं लोखंड आलं आणि ट्रायग्लिसराइडचा अंदाज कुठे लागलाच नाही. शिक्षकांचं आधी 138 होतं, आता 270.

चूक शोधायचीच तर चाचणीच्या आदल्या दिवसात शोधा. मी शिक्षकांना विचारलं तेव्हा कळलं की आदल्या संध्याकाळी साडेसातला जेवून, सकाळी दहा किलोमीटर पळून, साडेअकराला त्यांनी रक्त दिलं होतं. सोळा तासांचा उपास आणि वर लांब धाव. सडपातळ किटो करणाऱ्याचं एलडीएल लांब उपासाने आणखी वर जातं. दुसरी गोष्ट, त्यांचं वजन अजून उतरत होतं. वजन वेगाने घटत असताना चरबीच्या पेशींत साठलेलं कोलेस्टेरॉलही बाहेर येतं आणि एलडीएल तात्पुरतं वाढू शकतं.

म्हणून वजन 61 किलोवर महिनाभर स्थिर राहू दिलं, मग त्याच लॅबमध्ये, बारा तासांच्या उपासाने, आदल्या दिवशी न पळता पुन्हा तपासणी केली. एकूण 335, एचडीएल 80, ट्रायग्लिसराइड 62, एलडीएल 243. थोडं उतरलं, पण मूळ चित्र तेच राहिलं. तेच लॅब, तीच पद्धत असली तरी एलडीएल एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत आठ-दहा टक्के इकडे-तिकडे होतंच. 258 आणि 243 मधला फरक त्यातलाच असू शकतो, आणि 114 आणि 243 मधला फरक त्यातला असूच शकत नाही.

आधी दुसरी कारणं बाजूला काढा

एलडीएल 190 च्या पुढे गेलं की "किटोमुळेच असणार" म्हणून सोडून देणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. थायरॉइड मंद असेल तरी एलडीएल चढतं, म्हणून टीएसएच तपासायचं. लघवीतून प्रथिनं जाणारा मूत्रपिंडाचा आजार आणि पित्ताचा मार्ग तुंबणं ही आणखी दोन कारणं, साध्या लघवीच्या आणि यकृताच्या तपासणीत त्यांचा अंदाज येतो.

आणि मग घराण्यात चालत आलेलं उच्च कोलेस्टेरॉल. यात फाटकं जन्मापासूनच कमी असतात. घरात कुणाला पन्नाशीच्या आसपास किंवा त्याआधी हार्टअटॅक आला का, टाचेमागच्या जाड दोरीसारख्या कंडरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर गाठी आहेत का, हे विचारायचं. किटोच्या आधीचा रिपोर्ट इथे सोन्याच्या मोलाचा ठरतो. शिक्षकांचं आधी 114 होतं, म्हणजे जन्मजात दोषाची शक्यता फार कमी. आधीचा रिपोर्टच नसता तर हा प्रश्न लोंबकळत राहिला असता. किटो सुरू करायच्या आधी एकदा रक्त तपासा, असा आग्रह मी धरते तो यासाठी.

त्यांच्या आणखी दोन तपासण्या केल्या. अपोबी आलं 168. ही नंबरप्लेटांची थेट मोजणी, त्यामुळे ट्रॉल्या खरोखर जास्त आहेत हे पक्कं झालं. लायपोप्रोटीन-ए आलं 18 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. हा एलडीएलचाच एक जास्त त्रासदायक भाऊबंद. तो मुख्यतः अनुवंशाने ठरतो, आहाराने फारसा हलत नाही आणि आयुष्यात एकदा तपासला तरी बहुतेकांना पुरतं. 50 च्या वर असेल तर धोका वाढतो आणि भारतीयांत असे लोक बरेच आहेत. टीएसएच ठीक होतं.

"पण माझे कण मोठे आणि फुगीर आहेत, ते निरुपद्रवी असतात ना?"

हा प्रश्न हल्ली जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ट्रायग्लिसराइड कमी असलेल्या माणसाचे एलडीएल कण मोठे असतात, हे खरं. ते निरुपद्रवी असतात, हे खरं नाही. घराण्यातून उच्च कोलेस्टेरॉल आलेल्या लोकांचे कणही बहुधा मोठेच असतात आणि उपचार न झाल्यास त्यांना तरुणपणीच हृदयविकार होतो. धमनीच्या अस्तरात कण शिरतो आणि अडकतो, तो लहान असो की मोठा. किती कण आहेत आणि किती वर्षं आहेत, यावर थर ठरतो. जड पाण्याच्या बोअरवर चालणारा गीझर आठवा. एका आठवड्यात काही दिसत नाही, पाच वर्षांनी कॉइलवर पांढरा थर असतो.

"इन्सुलिन छान आहे, साखर छान आहे, मग एलडीएलने काय बिघडतं?" असंही विचारतात. साखर, रक्तदाब, तंबाखू हे सगळे धोके वेगवेगळे मोजले जातात आणि एक कमी झाल्याने दुसरा नाहीसा होत नाही. जनुकांमुळे जन्मभर एलडीएल कमी राहिलेल्या लोकांत हृदयविकार बराच कमी आढळतो आणि जन्मभर जास्त राहिलेल्यांत लवकर. किटोमुळे चढलेलं एलडीएल याला अपवाद आहे, असं दाखवणारा भक्कम, दीर्घकाळाचा पुरावा आज नाही. तो मिळेपर्यंत 243 ला 243 च समजावं, असं माझं मत आहे.

हृदयाच्या धमन्यांतल्या कॅल्शियमचा सीटी स्कॅन शून्य आला म्हणूनही काही जण निवांत होतात. तो स्कॅन जुना, चुना धरलेला थर दाखवतो. चाळिशीतल्या माणसाचा ताजा, मऊ थर त्यात दिसतच नाही. शून्य आलं तर आजवरचं बरं आहे एवढंच कळतं. पाच महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या गोष्टीचा निकाल त्यात नसतो.

आम्ही काय बदललं

2024 मध्ये निक नॉर्विट्झ या अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने स्वतःवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो याच गटातला. किटो चालू ठेवून त्याने रोज 12 क्रीम बिस्किटं, म्हणजे सुमारे 100 ग्रॅम कर्ब, खाल्ले. 16 दिवसांत त्याचं एलडीएल 384 वरून 111 वर आलं. पुढे बिस्किटं थांबून एलडीएल पुन्हा चढल्यावर त्याने रोसुव्हास्टॅटिन हे औषध सहा आठवडे घेतलं, तेव्हा ते साधारण एक तृतीयांशाने उतरलं. हा एका माणसाचा अनुभव आहे आणि बिस्किटं हा उपचार नाही, हे त्यानेही सांगितलं. पण या गटात थोडे कर्ब परत दिले की आकडा झपाट्याने हलतो, हे त्यातून ठसठशीत दिसतं. आणि 100 ग्रॅम कर्ब आपल्याकडे बिस्किटांशिवाय सहज मिळतात.

शिक्षकांचा दिवस लोण्याच्या कॉफीने सुरू व्हायचा. दोन मोठे चमचे लोणी म्हणजे जवळपास 14 ग्रॅम संतृप्त चरबी. मग तुपातली चार अंडी, दुपारी पनीर, रात्री सुकं मटण आणि नारळाच्या दुधाचा वाटीभर पांढरा रस्सा. रोज 2000 कॅलरी खाणाऱ्याला संतृप्त चरबीची मर्यादा साधारण 22 ग्रॅम धरतात. ती त्यांची नाश्त्यालाच संपत होती. नारळाची चरबी तर सुमारे 90 टक्के संतृप्त असते.

आम्ही रोज दोन मध्यम ज्वारीच्या भाकरी परत आणल्या. एका भाकरीत साधारण 60 ग्रॅम पीठ, म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास कर्ब. सोबत एक पेरू. हे मिळून शंभराच्या जवळ पोचतं. लोण्याची कॉफी बंद, तूप दिवसाला दोन छोटे चमचे, पांढरा रस्सा रविवारपुरता. त्या जागी मासे, मटकीची उसळ, शेंगदाणे, जवसाची आणि कारळ्याची चटणी. मटण आठवड्यातून एकदा, वरची तर्री काढून. हे आता किटो राहिलं नाही, हे मी त्यांना आधीच सांगितलं. त्यांना किटोची वैद्यकीय गरज नव्हती, म्हणून सोडायला अडचणही नव्हती.

सहा आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, बारा तासांच्या उपासाने: एकूण 198, एचडीएल 62, ट्रायग्लिसराइड 74, एलडीएल 121, अपोबी 94. वजन 61 च्या जागी 61.8. दोन्ही बदल एकदम केल्यामुळे भाकरीने किती उतरवलं आणि लोणी सोडल्याने किती, हे मला सांगता येणार नाही. आकडा 190 च्या वर असताना एकेक बदल करून बघण्यात तीन महिने घालवणं मला बरोबर वाटलं नाही.

ज्यांना किटो सोडता येत नाही

औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी काही मुलांना डॉक्टर किटो देतात. तिथे आहार हेच औषध असतं. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून घरच्यांनी परस्पर भात सुरू करू नये. चरबीचा प्रकार बदलण्यापासून औषधापर्यंतचे पर्याय त्या डॉक्टरांकडे असतात.

मधुमेही माणसाने किटोवर चांगली साखर मिळवली असेल, तर कर्ब परत आणताना साखर पुन्हा चढेल, म्हणून गोळ्या आणि इन्सुलिन डॉक्टरांसोबत बसून ठरवावं लागतं. त्याच्यासाठी कमी कर्ब ठेवून फक्त चरबी बदलणं जास्त योग्य ठरू शकतं: लोण्याऐवजी शेंगदाणा तेल, नारळाऐवजी तीळ आणि जवस. तेवढ्याने भागलं नाही तर स्टॅटिन किंवा एझेटिमाइब ही औषधं किटो चालू असतानाही काम करतात. हृदयविकार झालेल्या, मधुमेह असलेल्या किंवा लायपोप्रोटीन-ए जास्त असलेल्या माणसाने आहाराचा परिणाम बघत महिने घालवू नयेत, थेट डॉक्टरांकडे जावं.

तपासणी कधी आणि कशी

सुरू करण्याआधी एकदा लिपिड प्रोफाइल आणि टीएसएच, शक्य असेल तर अपोबी आणि लायपोप्रोटीन-ए. सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा लिपिड. वजन घटत असेल तर ते महिनाभर स्थिर झाल्यावर आणखी एकदा. आहारात बदल केला तर सहा ते आठ आठवडे थांबून. आकडे ठीक राहिले तर वर्षातून एकदा पुरे.

धोका कमी असलेल्या माणसासाठीही भारतीय हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना एलडीएल 100 च्या आत आणि नॉन-एचडीएल 130 च्या आत ठेवायला सांगतात. धोका जास्त तशी मर्यादा आणखी खाली. म्हणजे शिक्षकांचे 121 आणि 136 अजून थोडे वरच आहेत, जसे किटोच्या आधीही होते.

त्यांच्या प्रत्येक रिपोर्टवर आता ते पेनाने चार गोष्टी लिहितात: किती तासांचा उपास, आदल्या दिवशीचा व्यायाम, महिनाभरातला वजनाचा फरक आणि रोजच्या भाकरी किती. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तोवर तूप एका चमच्यावर आणायचं आणि मटकी रोज खायची, एवढं ठरलंय.